कंपोझिशनची मर्यादा ओलांडली, आता CMP-05 आली आहे

वाचकाचं पत्र

माझं तालुक्याच्या गावी किराणा दुकान आहे. पहिल्यापासून जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत आहे, दर तिमाहीला एक टक्का नियमित भरतो. २०२४-२५ मध्ये १ कोटी २२ लाखांच्या मालावर कर भरला, म्हणजे दीड कोटीच्या आतच होतो. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, २४ ऑक्टोबरला CMP-05 नावाची नोटीस आली. तुमची उलाढाल १ कोटी ८२ लाख आहे, योजना का नाकारू नये, पंधरा दिवसांत सांगा, असं त्यात आहे. एवढी विक्री मी आयकर विवरणात स्वतःच दाखवली आहे, कारण सुटं धान्य आणि डाळी धरून ती तेवढीच होते. पण त्यावर तर करच नाही. हिशोब लिहून देणारे म्हणतात, पंधरा दिवस आहेत, घाई नको. एक जण म्हणतो, सरळ दोन लाख भरून मोकळे व्हा. सोबत रोजमेळाची बेरीज आणि खरेदीचा तक्ता जोडला आहे. काय करू?

— एक किराणा व्यापारी, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर

पंधरा दिवस घेऊ नका आणि आज दोन लाखही भरू नका. दोन्ही सल्ले तुमच्या भल्यासाठीच दिले असतील, पण या महिन्यात दोन्हींनी तुमचं नुकसान होईल. त्याचं कारण सांगण्याआधी चूक नेमकी कुठे झाली ते बघू, कारण उत्तरात तेच लिहायचं आहे.

कंपोझिशनमधल्या व्यापाऱ्याला दोन वेगवेगळे आकडे सांभाळावे लागतात, आणि एकाच्या जागी दुसरा धरला की हीच गफलत होते. पहिला आकडा करपात्र मालाच्या विक्रीचा. तुमच्यासारखा व्यापारी एक टक्का याच आकड्यावर भरतो. दुसरा आकडा एकूण उलाढालीचा, आणि दीड कोटीची मर्यादा याला लागते. एकूण उलाढालीत करमुक्त मालही धरतात. सुटा तांदूळ, गहू, ज्वारी, डाळी, मीठ, पंचवीस किलोंपेक्षा मोठी धान्याची पोती, या सगळ्यावर कर शून्य, पण विक्री मोजायची ती पूर्ण. तुमच्याकडे या मालाची विक्री वर्षाला साठ लाखांच्या वर गेली. ती १ कोटी २२ लाखांत मिळवली की नोटिशीतला आकडा बरोबर जुळतो. शिवाय CMP-08 या तिमाही पत्रकात विक्री भरायच्या पहिल्याच ओळीत `Outward supplies (including exempt supplies)` असं लिहिलेलं असतं. तुम्ही तिथे दर तिमाहीला फक्त करपात्र विक्री लिहिली आणि आयकर विवरणात पूर्ण. खात्याने दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं असणार.

तरीही आकडा मान्य करण्याआधी एकदा तपासून घ्या. बँकेतल्या ठेवींचं किंवा कुणाला दिलेल्या उसन्या पैशांचं व्याज या मर्यादेसाठी धरत नाहीत. परत आलेला माल विक्रीतून वजा होतो. पत्नीचा स्वतःच्या पॅनवर वेगळा धंदा असेल तर तो तुमच्यात मिळवत नाहीत. पण तुमच्याच पॅनवरचं घरभाडं, गाळ्याचं भाडं किंवा विमा एजंट म्हणून मिळणारं कमिशन हे सगळं धरावं लागतं. तुम्ही पाठवलेल्या कागदांत यातलं काही दिसत नाही, तेव्हा १ कोटी ८२ लाख ५० हजार हाच आकडा धरून पुढे जातो.

आता तारीख. सगळं प्रकरण हिच्यावर उभं आहे. कायद्याच्या कलम १०(३) प्रमाणे ज्या दिवशी एकूण उलाढाल दीड कोटीच्या वर जाते, त्या दिवसापासून योजना आपोआप संपते. त्यासाठी कुणाचा आदेश यावा लागत नाही. म्हणून १ एप्रिल २०२४ पासून रोजमेळ घेऊन रोजची विक्री मिळवत जा, करपात्र आणि करमुक्त दोन्ही. तुमच्या बेरजेत १७ जानेवारी २०२५ च्या रात्री १ कोटी ४९ लाख ७१ हजार झाले होते. १८ जानेवारीला, शनिवारी, ४६,५०० रुपयांची विक्री झाली आणि बेरीज १ कोटी ५० लाख १७ हजार ५०० वर गेली. म्हणजे १८ जानेवारी २०२५ पासून तुम्ही नियमित करदाते झालात. रोजमेळाच्या त्या पानाची स्वच्छ प्रत काढा, सही-शिक्का करा. तुमच्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा तोच आहे.

इतका जोर देतो याला कारण आहे. नियम ६(५) प्रमाणे अधिकारी योजना दोन तारखांपासून नाकारू शकतो: योजना घेतली त्या दिवसापासून किंवा नियम मोडला त्या दिवसापासून. उत्तरात तुम्ही तारीखच दिली नाही, तर अधिकाऱ्याला सोपी वाटेल ती तारीख पडते, आणि १ एप्रिल २०२४ ही तारीख फार सोपी असते. त्या एका बदलाने साडेनऊ महिन्यांची विक्री विनाकारण पूर्ण दराखाली येईल. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाचं ३१ डिसेंबर २०१८ चं परिपत्रक ७७/५१/२०१८ यासाठी उपयोगी आहे. योजना नाकारण्याची तारीख मागची असू शकते, पण नियम मोडल्याच्या तारखेच्या आधीची असू शकत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. उत्तरात परिपत्रकाचा क्रमांक घाला आणि प्रत जोडा.

त्याच परिपत्रकातली दुसरी बाब तुमच्या लिहून देणाऱ्यांना नक्की दाखवा. मर्यादा ओलांडल्यावर सात दिवसांत CMP-04 भरून आपण होऊन बाहेर पडायचं असतं. ते राहिलं. आता वाटेल, आज CMP-04 भरून १८ जानेवारी ही तारीख टाकू. पण CMP-04 मध्ये टाकलेली तारीख ज्या आर्थिक वर्षात अर्ज करता त्या वर्षाच्या सुरुवातीच्या मागे जात नाही. तुमचा अर्ज २०२५-२६ मध्ये होणार, म्हणून तो जास्तीत जास्त १ एप्रिल २०२५ पर्यंत पोहोचतो. १८ जानेवारी ते ३१ मार्च हे अडीच महिने त्यात बसत नाहीत. ते नियमित व्हायला अधिकाऱ्याचा CMP-07 आदेशच लागतो. एरवी ज्या आदेशाला माणूस घाबरतो, तो या वेळी तुम्हाला लवकर हवा आहे.

लवकर म्हणजे किती? २०२४-२५ च्या खरेदीच्या बिलांवरचं इनपुट टॅक्स क्रेडिट घेण्याची शेवटची तारीख ३० नोव्हेंबर २०२५ आहे. त्या दिवशी रविवार आहे. कलम १६(४) ची ही मुदत संपली की पुरवठादाराला भरलेला कर तुमच्या हिशोबात पुन्हा येत नाही. दुसरीकडे, तुमचं उत्तर मिळाल्यावर आदेश काढायला अधिकाऱ्याला ३० दिवस असतात. उत्तराची मुदत ८ नोव्हेंबरला संपते. त्या दिवशी उत्तर दिलंत तर आदेश कायदेशीरपणे ८ डिसेंबरलाही येऊ शकतो, आणि तोवर क्रेडिट गेलेलं असेल. बुधवारी, २९ ऑक्टोबरला उत्तर दिलंत तर तीस दिवस २८ नोव्हेंबरला भरतात. तेही काठावरच आहे. म्हणून उत्तर पाचव्या दिवशी द्यायचं आणि नंतर कार्यालयात जाऊन लवकर आदेशाची विनंती करायची.

तुमच्याच आकड्यांवर हे किती पैशांचं आहे ते पाहू. १८ जानेवारी ते ३१ मार्च या काळात ३२ लाख ७९ हजारांची विक्री झाली. त्यातला १० लाख ८७ हजारांचा माल करमुक्त. उरलेल्या २१ लाख ९२ हजारांत तेव्हाच्या दरांप्रमाणे तेल, साखर, चहा असा ५ टक्क्यांचा माल १२ लाख ६० हजारांचा, तूप आणि फरसाण असा १२ टक्क्यांचा २ लाख २४ हजारांचा, आणि साबण, टूथपेस्ट, बिस्किटं असा १८ टक्क्यांचा ७ लाख ८ हजारांचा. (२२ सप्टेंबर २०२५ पासून यातले बरेच दर खाली आले, पण जुन्या विक्रीला जुनाच दर लागतो.)

आता कर विक्रीच्या वर धरायचा की आतून काढायचा? तुम्ही गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेतलेला नाही. पाकिटावर छापलेली किंमत तर सर्व करांसहितच असते. म्हणून मिळालेली रक्कम करासहित धरून नियम ३५ प्रमाणे कर आतून काढावा, अशी मागणी उत्तरातच करा. सूत्र असं:

```
कर = रक्कम × दर ÷ (100 + दर)

12,60,000 × 5  ÷ 105 =   60,000
 2,24,000 × 12 ÷ 112 =   24,000
 7,08,000 × 18 ÷ 118 = 1,08,000
                एकूण = 1,92,000
```

हाच कर वरून लावला तर २ लाख १७ हजार ३२० होतो. पंचवीस हजारांचा फरक आहे. छापील किमतीच्या मालासाठी तुमचं म्हणणं भक्कम आहे. बाकी मालासाठी अधिकारी हरकत घेऊ शकतो, तेव्हा बिलांचे काही नमुने जोडा.

या १ लाख ९२ हजारांच्या समोर काय उभं राहतं ते बघा. त्याच अडीच महिन्यांत घेतलेल्या करपात्र मालाच्या बिलांवर तुम्ही पुरवठादारांना १ लाख ७१ हजार कर दिलेला आहे. वेळेत विवरणं भरली तर ते सगळं वजा होतं आणि २१ हजार उरतात. मुदत चुकली तर १ लाख ९२ हजार पूर्ण रोख आणि वर वार्षिक १८ टक्क्यांनी व्याज, आठ महिन्यांचं साधारण २३ हजार. दोन लाख भरून मोकळे व्हा म्हणणाऱ्याचं इथेच चुकतं. DRC-03 ने आज रक्कम भरलीत तर ती सगळी खिशातून जाईल, कारण आदेश होईपर्यंत तुमच्या खात्यात क्रेडिटच नाही.

उरलेल्या २१ हजारांसाठीही वाट आहे. ती म्हणजे शिल्लक माल. योजनेतून बाहेर पडताना आदल्या दिवशी, तुमच्या बाबतीत १७ जानेवारीच्या रात्री, दुकानात जो करपात्र माल होता त्यावर दिलेल्या कराचं क्रेडिट ITC-01 फॉर्म भरून मिळतं. आदेशाच्या तारखेपासून ३० दिवस असतात. पण कलम १८(२) मध्ये आणखी एक अट आहे आणि ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. बिलाच्या तारखेपासून एक वर्ष उलटलं की त्या बिलाचं क्रेडिट या वाटेने घेता येत नाही. वर्ष १७ जानेवारीपर्यंत मोजायचं नसून तुम्ही क्रेडिट घेता त्या दिवसापर्यंत मोजायचं आहे. ITC-01 १५ नोव्हेंबर २०२५ ला भरलात तर १५ नोव्हेंबर २०२४ च्या आधीची बिलं बाद. म्हणजे मागच्या वर्षीच्या दिवाळीसाठी ऑक्टोबरात भरलेला माल जानेवारीत शिल्लक असला तरी आता उपयोगाचा नाही. उशीर होईल तशी रोज एका दिवसाची बिलं गळत जातात. तुमच्या तक्त्यात शिल्लक मालावरचा एकूण कर ९६ हजार दिसतो, त्यातला नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत टिकणारा साधारण ६४ हजार. तेवढा मिळाला तरी २१ हजार त्यात भागतात आणि ४३ हजार एप्रिलच्या हिशोबाला उरतात. क्रेडिटचा दावा दोन लाखांच्या वर असता तर सनदी लेखापालाचा दाखला लागला असता. तुम्हाला तो लागणार नाही.

शिल्लक मालाची यादी बिलवार बनवा: पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक, तारीख, माल, शिल्लक नग, त्यावरचा कर. १७ जानेवारीची वेगळी मोजणी तुम्ही केलेली नसणार. ३१ मार्चच्या शिल्लकेवरून मागे या: त्यात मधल्या काळात विकलेला माल मिळवा, मधली खरेदी वजा करा. तेलाचं एक उदाहरण घ्या. ३१ मार्चला १५ किलोचे ४० डबे होते, मधल्या काळात १८० विकले, १६५ आले. म्हणजे १७ जानेवारीला ५५ डबे होते. हे ५५ डबे त्याआधीच्या अगदी शेवटच्या बिलांतून आले असं धरून बिलांना जोडा. सगळ्या मालासाठी हे जमणार नाही. जास्त कर अडकलेल्या वीस-पंचवीस वस्तूंसाठी करा आणि बाकीचं सोडून द्या, वेळ तिथे घालवण्यासारखी नाही. ज्या बिलांवर तुमचा जीएसटी क्रमांक नाही, ती यादीत घालूच नका. पुरवठादाराने बिल त्याच्या विवरणात दाखवलं आहे का, ते पोर्टलवरच्या GSTR-4A मध्ये दिसतं. जानेवारी ते मार्चचं 4A आजच उतरवून ठेवा. नियमित करदात्याचं क्रेडिट दाखवणारं त्या महिन्यांचं GSTR-2B तुमच्यासाठी तयार झालेलं नसलं, तर क्रेडिटचा आधार म्हणून हे 4A दाखवता येईल.

आता प्रत्यक्ष उत्तर. पोर्टलवर `Services > User Services > View Additional Notices/Orders` इथे जाऊन नोटीस उघडा. तिचा संदर्भ क्रमांक कागदावरच्या क्रमांकाशी जुळतो का ते आधी पाहा, कारण खोट्या नोटिसाही फिरतात. तिथूनच उत्तर जातं आणि ते CMP-06 धरलं जातं. भाषा साधी ठेवा. मजकूर साधारण असा असावा:

«सन २०२४-२५ मध्ये माझी एकूण उलाढाल दि. १८ जानेवारी २०२५ रोजी रु. १,५०,००,००० च्या पुढे गेली, हे मला मान्य आहे. रोजमेळाची प्रत जोडली आहे. करमुक्त विक्री मर्यादेसाठी धरावी लागते, याची मला कल्पना नव्हती. संपूर्ण विक्री मी आयकर विवरणात दाखवलेली आहे, काहीही लपवलेलं नाही. नियम ६(५) आणि परिपत्रक ७७/५१/२०१८ नुसार दि. १८ जानेवारी २०२५ पासून योजना नाकारण्याचा आदेश करावा. कलम १६(४) ची मुदत दि. ३० नोव्हेंबर २०२५ रोजी संपत असल्याने आदेश लवकरात लवकर व्हावा. त्या दिवसापासून कंपोझिशनखाली भरलेल्या रु. २१,९२० चं समायोजन मिळावं.»

यातलं «काहीही लपवलेलं नाही» हे वाक्य गाळू नका. २०२४-२५ पासूनच्या वर्षांना कलम ७४अ लागतं. साधी चूक असेल तर करमागणीच्या नोटिशीआधी किंवा नोटीस आल्यावर ६० दिवसांत कर आणि व्याज भरल्यास दंड शून्य आहे. लपवाछपवी ठरली तर त्याच साठ दिवसांत भरूनही करावर २५ टक्के दंड बसतो, आणि आदेशानंतर साठ दिवसही गेले तर कराएवढा. CMP-08 मध्ये कमी विक्री लिहिलेली आहे, त्यामुळे तसा आरोप होऊ शकतो. आयकर विवरणात पूर्ण आकडा आहे, हे त्याला सरळ उत्तर आहे. आता कुणी रोजमेळात फेरफार करून उलाढाल खाली आणायचं सुचवलं तर ऐकू नका. साध्या चुकीचं प्रकरण तिथेच लपवाछपवीचं होतं.

एक लक्षात ठेवा, CMP-05 ही फक्त योजना नाकारण्याची नोटीस आहे. करमागणीची नोटीस DRC-01 नावाने वेगळी येते. ती येण्याआधी GSTR-3B ही कराची मासिक विवरणं भरलीत तर उशिराचं व्याज फक्त रोख भरलेल्या भागावर लागतं. क्रेडिटमधून भरलेल्या करावर लागत नाही. नोटीस आल्यावर भरलीत तर ही सवलत हातची जाते. घाईचं हे आणखी एक कारण.

आदेश हातात आल्यावर क्रम चुकवू नका. आधी ITC-01, म्हणजे शिल्लक मालाचं क्रेडिट खात्यात जमा होईल. मग जानेवारी, फेब्रुवारी, मार्च असे महिने ओळीने, प्रत्येकात आधी विक्रीचं विवरण GSTR-1 आणि मग GSTR-3B. पोर्टल मधला महिना सोडू देत नाही. उशिराचं शुल्क रोजचं ५० रुपये. आदल्या वर्षीची उलाढाल दीड कोटीच्या आत असल्याने या तीन महिन्यांना ते प्रत्येक विवरणामागे जास्तीत जास्त २,००० रुपये. तीन महिन्यांची सहा विवरणं धरली तर बारा हजारांपर्यंत. ते रोखच भरावं लागतं, त्याची तजवीज ठेवा. २१,९२० रुपये आपोआप वळते होत नाहीत. आदेशात समायोजनाचा उल्लेख आला नाही तर RFD-01 ने परतावा मागा, मुदत दोन वर्षांची आहे.

आदेशात तारीख चुकीची पडली, किंवा ३० नोव्हेंबर उलटल्यावर आदेश आला, तर तीन महिन्यांत कलम १०७ खाली अपील करता येतं. म्हणून उत्तर दिल्याची पोच, कार्यालयात दिलेल्या विनंती-अर्जाची शिक्का मारलेली प्रत आणि खरेदीचा तक्ता जपून ठेवा. उशीर तुमच्याकडून झाला नाही, हे तेव्हा दाखवावं लागेल.

आता एक गोष्ट तुमच्या पत्रात कुठेच नाही, आणि मला तीच जास्त काळजीची वाटते. प्रकरण अडीच महिन्यांत संपत नाही. २०२४-२५ ची उलाढाल दीड कोटीच्या वर गेली म्हणून २०२५-२६ मध्ये तुम्ही पहिल्या दिवसापासूनच योजनेला पात्र नव्हता. पोर्टलने योजना पुढे चालू ठेवली, दरवर्षी नव्याने विचारलं नाही, एवढंच. म्हणजे १ एप्रिल २०२५ पासून आजपर्यंतची सगळी विक्री पूर्ण दराखाली येते. या वर्षाच्या बिलांचं क्रेडिट ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंत मिळतं, तेव्हा तिथे जीव टांगणीला नाही. पण व्याज चालू आहे, आणि एप्रिलपासूनच्या विवरणांना उशिराच्या शुल्काची कमाल मर्यादा ५,००० रुपये आहे. म्हणून मार्च संपला की लगेच एप्रिलपासून सुरू करा. विक्री २१ सप्टेंबरपर्यंत जुन्या दरांनी आणि २२ पासून नव्या दरांनी वेगळी काढा.

दुकानातलं काम मात्र आजच सुरू करायचं आहे. बिल ऑफ सप्लायचं पुस्तक बाजूला ठेवा, आजपासून टॅक्स इन्व्हॉइस. कंपोझिशनवाला असल्याची बिलावरची ओळ आणि दारावरची पाटी काढा. जुन्या गिऱ्हाइकांकडे मागच्या मालाचा कर मागायला जाऊ नका. कंपोझिशनच्या बिलांवर कर घेता येत नव्हता, आणि तो आता मागून वसूल करायचा रस्ता नाही. जीएसटीत नियमित नोंदणी असलेले दुकानदार तुमच्याकडून विक्रीसाठी माल नेत असतील तर त्यांना इथून पुढे तुमच्या बिलावर क्रेडिट मिळेल, ते त्यांना सांगा. आणि संगणकात किंवा वहीत करमुक्त विक्रीचा रकाना वेगळा पाडा, पण रोजची शेवटची बेरीज दोन्ही रकान्यांची मिळून करा.